वहीतल्या बारीक नोंदी ते तक्रार अर्ज: सायलीची गोष्ट, आणि तशी वही नेमकी कशी ठेवायची

सायलीच्या वहीचं पहिलं पान तक्रारीच्या कामाचं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं, "आज खूप वाईट वाटलं. सर परत तसंच बोलले. सगळे हसले. मी पण हसले." एवढंच. तारीख नाही, कोण सगळे ते नाही, सर काय बोलले ते नाही. लिहिताना तिला सगळं लख्ख आठवत होतं म्हणून तिला वाटलं एवढं पुरेल, पण चार महिन्यांनी तेच पान उघडलं तेव्हा "तसंच" म्हणजे कसं हे तिचं तिलाच सांगता येईना.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. सायली ही रचलेली आहे, तिची कंपनी आणि तिचे सर पण. मी काही वर्षं कंपन्यांच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य म्हणून काम करतेय, आणि तिथे आलेल्या तक्रारीतलं काहीही बाहेर सांगायला कायद्याने बंदी आहे (2013 च्या कायद्याचं कलम 16), म्हणून खरी केस सांगणार नाही. पण मुली वही कशी लिहितात, कुठे चुकतात आणि चौकशीत नेमकं काय विचारलं जातं हे मी जवळून बघते, ते सगळं या एका गोष्टीत घातलंय. मुदती आणि नियम मात्र खरे आहेत.

तर सायली. वय 23, लातूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. 3 जून 2024 ला चाकणजवळच्या एका ऑटो पार्ट कंपनीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून क्वालिटी डिपार्टमेंटला जॉइन झाली, 6 महिन्यांचा प्रोबेशन. डिपार्टमेंटमध्ये ती एकटीच मुलगी. तिचे सर म्हणजे डिपार्टमेंटचे मॅनेजर, कामात हुशार, सगळ्यांशी हसून खेळून, आणि हेच अवघड होतं कारण ते जे बोलायचे ते एकेकटं सांगितलं तर समोरचा म्हणणार, अगं एवढं काय त्यात.

वही कुठली, आणि कुठे लिहायची

सुरुवातीला सायली ऑफिसच्या लॅपटॉपवर नोटपॅड उघडून लिहायची. हे पहिलं थांबवा. लॅपटॉप कंपनीचा, तो आयटी कधीही परत मागू शकतं, आणि नोकरी गेली तर त्याच दिवशी तो हातातून जातो. ऑफिसच्या मेलवर पण नको, तो पण लॉगिन बंद झाला की गेला.

साधी शिवलेली 100 पानी वही घ्या, स्पायरल नको, कारण स्पायरलचं पान काढलं तर कळत नाही आणि मग समोरचा म्हणू शकतो की पानं मागेपुढे केली. पहिल्याच दिवशी पानांवर आकडे टाका. पेनने लिहा. चुकलं तर एक आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका. वही घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. सायली पीजीमध्ये राहायची, रूम पार्टनर होती, तर ती वही बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवायची आणि रात्री पानाचा फोटो काढून स्वतःच्याच पर्सनल मेलवर पाठवायची. हा फोटो फार कामाचा असतो कारण मेलवर त्या रात्रीची तारीख आणि वेळ आपोआप पडते, आणि पुढे कोणी म्हणालं की "ही वही तक्रारीच्या आदल्या रात्री बसून लिहिली" तर ते मेल दाखवता येतात.

तसं करणारे असतात, आणि ते कळतं पण. 4 महिन्यांच्या नोंदी एकाच पेनच्या, एकाच दाबाच्या, कुठे खाडाखोड नाही, आणि प्रत्येक नोंदीत शेवटपर्यंत जाणारा ओघ की जणू पुढे काय होणार ते लिहिणाऱ्याला माहिती होतं. घडलेलं खरं असलं तरी अशा वहीवरचा विश्वास कमी होतो, आणि ते फार दुर्दैवी असतं.

मग आधी काही लिहिलं नसेल तर काय करायचं? आठवून लिहायचं, पण आठवून लिहिलंय असं लिहायचं. सायलीने तेच केलं. 27 जूनच्या रात्री तिने वही नीट सुरू केली तेव्हा आधीची एक गोष्ट अशी लिहिली:

"11 जून 2024, मंगळवार. (आज 27 जूनला आठवून लिहितेय, तारीख पक्की कारण त्या दिवशी माझं आयडी कार्ड मिळालं.) सकाळी साडेनऊची मीटिंग, क्वालिटी केबिन. सर, मी आणि टीममधले 4 जण. सर म्हणाले, 'सायली, चहा तू सांग, मुलीने सांगितलेला चहा गोड लागतो.' सगळे हसले. मी कँटीनला फोन केला. काही बोलले नाही."

बघा, "वाईट वाटलं" हे यात नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं.

एका नोंदीत काय काय पाहिजे

तारीख, वार, वेळ अंदाजे, जागा. कोण होतं, जे बोलणार नाहीत असं वाटतं त्यांची पण नावं. बोललेले शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत, हिंदीत असेल तर हिंदीत, सभ्य करून लिहू नका. स्पर्श असेल तर कुठे, कुठल्या हाताने, किती वेळ. आणि तुम्ही काय केलं, काहीच केलं नसेल तर "काही बोलले नाही" हे पण लिहायचं, त्यात लाज वाटायचं काही नाही, नवीन माणूस गप्पच राहतो आणि समितीवरच्या बायकांना ते माहिती असतं.

भावना लिहायच्याच नाहीत असं नाही. रात्री झोप लागली नाही, दुसऱ्या दिवशी रजा टाकली, डॉक्टरकडे गेले, हे परिणाम आहेत आणि कायद्यात त्याला जागा आहे, आरोग्यावर परिणाम होईल अशी अपमानाची वागणूक हा एक मुद्दाच आहे. फक्त ते घटनेच्या खाली वेगळ्या ओळीत लिहा, घटनेत मिसळू नका.

सायलीची खरी महत्त्वाची नोंद ही:

"27 जून 2024, गुरुवार. दुपारी अडीचच्या पुढे, सीएमएम रूम. मी रिपोर्ट लावत होते. सर मागून आले, मॉनिटरवर दाखवायला वाकले आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, बोलणं संपेपर्यंत ठेवला, अर्धा मिनिट तरी. मी खुर्ची पुढे ओढली. ते म्हणाले, 'एवढी घाबरतेस काय बाळा.' मी उठून वॉशरूमला गेले. प्रोग्रॅम अर्धवट राहिला. ऑपरेटर काका दुसऱ्या टेबलपाशी होते."

सीएमएम म्हणजे पार्टची मापं तपासायचं मशीन. यातलं सगळ्यात उपयोगी वाक्य कुठलं असं मला विचाराल तर मी म्हणेन "प्रोग्रॅम अर्धवट राहिला." का, ते पुढे येईल.

दोन प्रकार वेगळे करायचे

हा भाग मी जरा सावकाश सांगते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ऑगस्टपर्यंत सायलीच्या वहीत 15 एक नोंदी झाल्या होत्या आणि त्यात सगळं एकत्र होतं. मीटिंगचे मिनिट्स दर वेळी तिनेच लिहायचे. 22 ऑगस्टला कस्टमर ऑडिटच्या ग्रुपवर तिच्यासोबत जॉइन झालेल्या मुलाला घेतलं, तिला नाही. सगळ्यांसमोर "हे तुला कोणी शिकवलं" असं ओरडणं. आणि मग 19 जुलै, शुक्रवार, संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सर मागच्या सीटवरून म्हणाले, "आज पिवळ्या ड्रेसमुळे कस्टमरचं लक्ष पार्टवर नव्हतंच."

हे सगळं त्रासाचं आहे पण सगळं एकाच दारात जात नाही. अंतर्गत समिती ज्या कायद्याखाली चालते तो कायदा लैंगिक छळाचा आहे, नको असलेला स्पर्श, लैंगिक अर्थाचं बोलणं, तशी मागणी, अश्लील काही दाखवणं, किंवा त्याच स्वरूपाचं दुसरं कुठलंही नको असलेलं वागणं. नुसतं ओरडणं, क्रेडिट न देणं, ग्रुपवर न घेणं यासाठी खाजगी नोकरीत असा वेगळा कायदा नाही, ते कंपनीच्या पॉलिसीप्रमाणे एचआरकडे जातं. मिनिट्स आणि चहा हे एकटं असेल तर भेदभाव म्हणून एचआरकडे.

पण, आणि हा पण मोठा आहे, एखाद्या माणसाला नाही म्हटल्यानंतर जर कामात अडवणूक सुरू झाली, किंवा नोकरीवरून धमकी आली, तर ती अडवणूक त्या छळाला जोडून सांगता येते, कायद्याच्या कलम 3 मध्ये हे सरळ लिहिलंय: फायदा देण्याचं आमिष, नुकसान करण्याची धमकी, आत्ताच्या किंवा पुढच्या नोकरीबद्दल धमकी, कामात ढवळाढवळ किंवा भीतीचं वातावरण. म्हणून ग्रुपवर न घेतल्याची नोंद फेकून द्यायची नाही, फक्त ती कशाच्या नंतर आली हे दिसलं पाहिजे.

सायलीने मार्जिनमध्ये दोन अक्षरं ठेवली. "अ" म्हणजे अंगाला, दिसण्याला, कपड्यांना, मुलगी असण्याला धरून बोललेलं किंवा केलेलं. "ब" म्हणजे कामातलं. 15 पैकी 6 अ निघाल्या, 9 ब. हे करताना तिला एक गोष्ट दिसली जी रोजच्या रोज लिहिताना दिसली नव्हती: 27 जूनच्या आधी ब प्रकारची एकच नोंद होती, बाकीच्या 8 त्यानंतरच्या. म्हणजे तिने खुर्ची पुढे ओढली त्यानंतर कामातला त्रास वाढला.

पुरुष कर्मचाऱ्यांनी एक लक्षात घ्या की या कायद्याखाली तक्रार फक्त स्त्रीला करता येते. काही कंपन्यांची पॉलिसी सगळ्यांसाठी असते, ती वाचून बघा, नसेल तर एचआरचा मार्ग.

वहीसोबत काय जपायचं

10 सप्टेंबर, मंगळवार, गणपतीत. रात्री 11:18 ला सरांचा व्हॉट्सॲप मेसेज, "झोपलीस का? डीपी छान आहे." सायलीने दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिलं, "सर, सप्लायरचा रिपोर्ट आज देते." तिला वाटलं हे उत्तर चुकलं, नीट खडसवायला हवं होतं. नाही चुकलं. विषय बदलणं हे पण नको म्हणणंच आहे.

मेसेज डिलीट करू नका, चॅट डिलीट करू नका, ब्लॉक करायचं असेल तर आधी चॅट एक्सपोर्ट करून मेलवर पाठवा. स्क्रीनशॉट घेताना वरचं नाव उघडून त्यातला नंबर दिसणारा एक वेगळा स्क्रीनशॉट घ्या, कारण नाव तुम्ही काहीही सेव्ह करू शकता, नंबर नाही. आपोआप गायब होणारे मेसेज चालू असतील तर ते बंद करा. फोन बदलू नका, बदललाच तर जुना ठेवा.

आणि ऑफिसचे ड्रॉइंग, कस्टमरचे मेल, दुसऱ्यांचे पगार असलं काही पर्सनल मेलवर पाठवू नका, मग तुमच्यावरच वेगळी कारवाई निघू शकते आणि मूळ विषय बाजूला पडतो. कंपनीकडे असलेलं रेकॉर्ड तिथेच राहू द्या, फक्त वहीत लिहा की असं रेकॉर्ड आहे. समितीला कागद मागवायचे आणि साक्षीदार बोलवायचे अधिकार कायद्याने दिलेत, ती मागवेल.

मुदत: वही नुसती भरत बसायची नाही

हा लेख मी खरंतर या भागासाठी लिहितेय. वही लिहिल्याने थोडं हलकं वाटतं, आणि त्या हलकं वाटण्यात महिने जातात. तक्रार घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. घटना एकापाठोपाठ एक असतील तर शेवटच्या घटनेपासून 3 महिने. कारण पटलं तर समिती ही मुदत वाढवू शकते, पण ती पण जास्तीत जास्त 3 महिने, आणि त्याचं कारण तिला लेखी नोंदवावं लागतं. त्याच्या पुढे नाही.

सायलीच्या बाबतीत मोजून बघू. 27 जूनची घटना एकटीच असती तर मुदत 27 सप्टेंबरला संपली असती, वाढवून डिसेंबरच्या शेवटापर्यंत. पण 19 जुलै, 10 सप्टेंबर अशा तिच्या नोंदी एकाच माणसाच्या एकाच प्रकारच्या वागण्याच्या होत्या, म्हणून ती मालिका झाली आणि मोजणी शेवटच्या घटनेपासून. नोंदी नसत्या तर मालिका सिद्ध कशी करणार होती? इथे वही खरी कामाला येते.

एक सावधगिरी. शेवटची घटना ही लैंगिक छळाचीच किंवा त्याला थेट जोडलेली असली पाहिजे. 2025 च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने एका विद्यापीठाच्या प्रकरणात हेच धरलं, तिथे शेवटची घटना एप्रिल 2023 ची होती आणि तक्रार डिसेंबर 2023 ला, त्या मधल्या काळातल्या प्रशासकीय निर्णयांना कोर्टाने मालिकेतलं धरलं नाही आणि तक्रार मुदतीबाहेर ठरली. म्हणून "ब" नोंदींच्या भरवशावर मुदत मोजू नका. वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या "अ" नोंदीची तारीख आणि त्यापुढे 3 महिन्यांची तारीख पेन्सिलने लिहून ठेवा, नवी घटना झाली की बदला.

मग 9 ऑक्टोबर, बुधवार. सरांची केबिन, संध्याकाळी साडेपाच, दार लोटलेलं. "6 महिने होत आले, कन्फर्मेशनचा फॉर्म माझ्याकडेच येणार आहे. जरा मोकळी राहा माझ्याशी. शनिवारी लोणावळ्याला चल, बाकीच्यांना सांगायची गरज नाही." सायली म्हणाली, "सर, मला जमणार नाही." हे तिने त्या रात्री 9 वाजता लिहिलं, आणि पेन्सिलची तारीख खोडून 9 जानेवारी केली, पण ती थांबली 12 दिवसच.

अर्ज

कँटीनच्या बाहेर नोटीस बोर्डवर समितीच्या सदस्यांची नावं लावलेली होती, ती लावणं कंपनीला बंधनकारकच आहे. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे समिती पाहिजे, अध्यक्ष कंपनीतलीच वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरची. सायलीला शंका होती की मी ट्रेनी, प्रोबेशनवर, मला चालतं का. चालतं. ट्रेनी, प्रोबेशनर, कॉन्ट्रॅक्टवरची, अप्रेंटिस सगळ्या यात येतात. कंपनीची बस पण कामाची जागाच धरली जाते, म्हणून 19 जुलैची गोष्ट पण आली.

तिने आधी एचआरच्या मॅडमना तोंडी सांगितलं. त्या चांगल्या होत्या, म्हणाल्या, "मी बोलते सरांशी, दिवाळी होऊ दे." सायलीने थांबायला नकार दिला आणि मला वाटतं ते बरोबर केलं, कारण तोंडी सांगितलेल्याची तारीख कुठे पडत नाही आणि 2 डिसेंबरला प्रोबेशन संपत होता.

अर्ज अडीच पानांचा. वही पूर्ण जोडायची नाही. वहीत इतर माणसांबद्दल, घरच्यांबद्दल, स्वतःबद्दल काय काय असतं, आणि अर्जाची प्रत समोरच्या माणसाकडे जाणार असते हे विसरू नका. लागतील त्याच पानांच्या झेरॉक्स जोडा, मूळ वही सुनावणीला घेऊन जा, दाखवा, परत आणा. तिच्या अर्जाची सुरुवात अशी:

"मी दिनांक 3 जून 2024 पासून क्वालिटी विभागात ट्रेनी इंजिनिअर आहे. माझे विभागप्रमुख यांच्याकडून 11 जून ते 9 ऑक्टोबर 2024 या काळात माझ्याशी झालेल्या नको असलेल्या वागणुकीबद्दल ही तक्रार आहे. घटना तारखेप्रमाणे खाली देत आहे. शेवटची घटना 9 ऑक्टोबर 2024 ची आहे."

मग एका घटनेला एक परिच्छेद, नंबर टाकून. "छळ केला", "मानसिक खच्चीकरण केलं" असली मोठी वाक्यं तिने पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिली होती, ती काढली. घटना लिहा, नाव काय द्यायचं ते समिती ठरवेल. शेवटी साक्षीदारांची नावं आणि पत्ते, जोडलेल्या कागदांची यादी, आणि काय हवंय ते.

काय हवंय यात तिने एक गोष्ट मागितली जी फार जणींना माहितीच नसते: चौकशी चालू असताना तिचा कन्फर्मेशन रिपोर्ट या सरांनी लिहू नये, दुसऱ्या अधिकाऱ्याने लिहावा. ही तात्पुरती सोय नियमातच आहे, पण ती लेखी मागावी लागते. तसंच बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा पण मागता येते.

नियमाप्रमाणे अर्जाच्या 6 प्रती द्यायच्या. तिने 21 ऑक्टोबरला, सोमवारी, 6 प्रती समितीच्या अध्यक्ष मॅडमकडे दिल्या आणि सातव्या प्रतीवर "मिळाले", सही, तारीख घेतली. त्याच संध्याकाळी पर्सनल मेलवरून समितीच्या मेलवर पण पाठवला. कोणाला लिहिता येत नसेल तर अध्यक्षांनी लिहायला मदत करायची असं कायदा सांगतो.

माणसं 10 पेक्षा कमी असतील म्हणून समितीच नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, आपल्याकडे जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल आहे, तिथून ऑनलाइन पण देता येते.

चौकशीत काय झालं

समितीने 7 कामाच्या दिवसांच्या आत प्रत सरांना दिली, त्यांनी 10 कामाच्या दिवसांत उत्तर दिलं. त्याआधी समेटाची विचारणा झाली. समेट फक्त तक्रार करणारीच्या मागणीवरून होतो, पैशावर होत नाही, आणि झाला की पुढे चौकशी होत नाही. सायलीने नको सांगितलं. वकील कोणालाच आणता येत नाही, दोघांनाही नाही.

सरांचं उत्तर कडक होतं. 27 जूनला दुपारी मी सप्लायरकडे होतो, प्लँटमध्ये नव्हतोच. समितीने गेटचं रजिस्टर मागवलं, सरांची गाडी त्या दिवशी 4 नंतर बाहेर पडली होती. सायलीने वेळ "दुपारी अडीचच्या पुढे" अशी लिहिली नसती आणि नुसतं "27 जूनला" लिहिलं असतं तर सप्लायरची भेट खरीच होती, आणि तिथेच सगळं अडकलं असतं.

ऑपरेटर काका आले. घाबरलेले. म्हणाले, "मॅडम, हात वगैरे मी बघितला नाही, मी पाठमोरा होतो. पण ही पोरगी एकदम उठून गेली, मशीन तशीच ठेवून, ती असं कधी करत नाही. नंतर मीच प्रोग्रॅम पुढे चालवला." सीएमएमच्या रिपोर्टवर त्या पार्टची तपासणी 2:37 ला थांबलेली आणि 2:52 ला परत सुरू झालेली. काकांनी स्पर्श बघितला नाही, पण वहीत लिहिलेला प्रसंग मशीनच्या वेळेशी आणि काकांच्या शब्दांशी जुळला. म्हणून मी म्हटलं की "प्रोग्रॅम अर्धवट राहिला" हे सगळ्यात उपयोगी वाक्य.

एक चूक पण निघाली. अर्जात बसची घटना 20 जुलै अशी टाइप झाली होती, वहीत 19. सरांनी त्यावर बोट ठेवलं, 20 ला शनिवार, मला सुट्टी. सायली त्या सुनावणीत रडवेली झाली. दुसऱ्या दिवशी तिने एका पानावर लिहून दिलं की अर्जात तारीख चुकली, वहीचं पान 14 आणि त्या रात्रीचा मेल सोबत जोडते. मेलची तारीख 19 होती. समितीने दुरुस्ती नोंदवून घेतली. म्हणून अर्ज देण्याआधी प्रत्येक तारीख वार लावून तपासा, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्या, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

सुनावणी चुकवू नका. पुरेसं कारण नसताना सलग 3 सुनावण्यांना गेलं नाही तर समिती 15 दिवसांची नोटीस देऊन चौकशी बंद करू शकते. आजारी असाल तर मेल टाका.

सायलीला सगळ्यात जास्त भीती होती ती ही की सिद्ध नाही झालं तर माझ्यावरच कारवाई होईल. नाही. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. जाणूनबुजून खोटं केलं किंवा खोटा कागद जोडला हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं. म्हणून तर आठवून लिहिलेल्या नोंदीवर "आठवून" लिहायचं.

चौकशीला 90 दिवस असतात, म्हणजे तिच्या अर्जापासून 19 जानेवारी 2025. अहवाल त्याच्या आत झाला आणि 10 दिवसांत कंपनीला आणि दोघांना मिळाला. 27 जून, 10 सप्टेंबर आणि 9 ऑक्टोबर सिद्ध. बस आणि चहा यांना समितीने वेगळं सिद्ध धरलं नाही, पण पार्श्वभूमी म्हणून नोंदवलं. मिनिट्स, ओरडणं, ग्रुप हे एचआरकडे पाठवलं आणि खरं सांगायचं तर त्याचं पुढे फार काही झालं नाही. शिफारस होती लेखी माफी, एक पगारवाढ रोखणं आणि सायलीच्या कामावर त्यांचा अधिकार काढून घेणं. कंपनीने 60 दिवसांत अंमल करायचा असतो, तो झाला. तिचं कन्फर्मेशन दुसऱ्या मॅनेजरने केलं.

तिला बस आणि चहाबद्दल वाईट वाटलं. अपील करायला 90 दिवस होते, तिने विचार केला आणि केलं नाही. ऑपरेटर काकांशी मात्र टीममधले काही जण बोलेनासे झाले होते, आणि तिच्याशी पण. तिने वहीचं पान 41 उघडलं, वर तारीख, वार, वेळ लिहिली, जागा लिहिली, कँटीन, आणि खाली कोण कुठल्या टेबलावरून उठून गेलं ते नावांसकट लिहायला सुरुवात केली.